हं, मंग?

आमच्या भागात गोष्ट सांगणाऱ्याला एक मजुरी मिळते, ती म्हणजे ‘हं’. चार माणसं ऐकायला बसली की त्यांच्यातल्या एकाने वाक्यागणिक हुंकार द्यायचा असतो. तो ‘हं’ म्हणतो, अडला तर ‘मंग?’ विचारतो, आणि सांगणाऱ्याची गाडी पुढे सरकते. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो, तंबाखू मळायला घेतो आणि विचारतो, ‘काय भो, झोपी गया का?’

माझा हुंकार देणारा शहाद्यातला एक शिंपी होता. सगळं गाव त्यांना मास्टर म्हणायचं. वयाने माझ्याहून बरेच मोठे, दाढी मेंदीने लालसर झालेली, गळ्यात मोजमापाची टेप. मी कळसाडीचा. ऊस आणि कापूस हा धंदा, आणि माइक हा आजार. लग्न असो, कबड्डीची स्पर्धा असो की पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, निवेदनाला मीच. नवरदेवाच्या मामाची मी अशी ओळख करून देतो की मामाच मागे वळून बघतो, हे कोणाबद्दल चाललंय म्हणून. बाजाराच्या दिवशी शहाद्याला गेलो की मास्टरांच्या दुकानात बैठक ठरलेली. मी कपडे कापायच्या टेबलाला टेकून उभा राहायचो, बाकावर दोन-चार रिकामी माणसं जमायची, आणि मास्टर काज-बटण करता करता, मान वर करून माझ्याकडे बघत हुंकार द्यायचे. त्यांच्या ‘हं’ला वजन होतं. गोष्ट नुसती चालायची नाही, कुठे वळायचं तेही त्यांच्या आवाजावरून कळायचं. लांब ‘हं’ म्हणजे आवडलंय, रेंगाळ. तोकडा ‘हं’ म्हणजे पुरे, पुढे चल.

एका दिवशी तो ‘हं’ चुकीच्या जागी पडला.

मी बँकेच्या पायऱ्या चढून गेलेल्या म्हशीची गोष्ट सांगत होतो. म्हैस मॅनेजरच्या दारात उभी राहते तिथे मी नेहमी श्वास रोखतो. त्या शांततेत मास्टर आरामात म्हणाले, ‘हं’. आणि सगळे हसले तेव्हा ते अर्ध्या क्षणाने उशिरा हसले, आमची तोंडं बघून. मला खोडी सुचली. मला नेहमी खोडीच सुचते. गोष्टीच्या सुरातच, आवाज न बदलता मी म्हणालो, ‘अन् मंग मास्टरनं मशीन कुत्रं उचली लयी गयं.’

‘हं,’ मास्टर म्हणाले.

बाक हसून हसून कोसळायला आला. मास्टरही हसले, सगळ्यांच्या बरोबर, मनापासून. माझं हसू मात्र मध्येच अडकलं. कितीतरी महिने हा माणूस माझे नुसते ओठ बघून हुंकार देत होता, आणि मला पत्ता नव्हता.

त्यांच्या मुलाने धुळ्याला नेऊन त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. मास्टरांनी ते चार दिवस लावलं आणि बटणांच्या डब्यात ठेवून दिलं. म्हणाले, ‘आठे शिलाई मशीन, कानमां बी मशीन. तू दोन्हीसना मांगे कोठेतरी बडबड करस.’ तेव्हापासून आम्ही टेबलावर बोलायला लागलो. मी शिंपीखडूने लाकडावर दोन शब्द लिहायचो, ते वाचायचे, हाताने पुसायचे आणि दुकानभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने उत्तर द्यायचे. मास्टर मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. भजी बांधून आलेला कागदसुद्धा तेल लागलेल्या बाजूसकट वाचणारा माणूस.

मग एकदा ते म्हणाले, ‘भो, तुन्ह्या समद्या गोष्टी माले पाठ शेतस. म्हैस, बँक, तुन्हा सासरा, समदं. आते एक नवी सांग. तुन्ही सोतानी. अन् लिखी दे.’

‘लिखी दे’ हे ते इतक्या सहज म्हणाले, जणू पायजम्याला नाडी घालून दे.

तोवर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. माझ्याकडे माझी अशी एकही गोष्ट नव्हती. म्हैस एका कारकुनाने सांगितलेली, सासऱ्याची गोष्ट सासऱ्याचीच, उरलेल्या बसमध्ये ऐकलेल्या. मी फक्त त्यांना मिशा लावायचो. आणि लिहिणं म्हणाल, तर लग्नपत्रिकेवरच्या नावांपलीकडे मी काही लिहिलेलं नव्हतं. पण मास्टरांना आता दुसऱ्या कुठल्याही मार्गाने गोष्ट पोहोचणार नव्हती. मी मोठ्या थाटात टेबलावर लिहिलं, ‘आठ दिवसात’.

एक जाड डायरी आणली. रेशमी फीत असलेली. पेन आणलं. शेतावरच्या खोलीत टेबल मांडलं, उदबत्ती लावली. बायकोने खिडकीतून बघितलं आणि घरी आमच्या गुजरीत विचारलं, ते मराठीत असं होतं: ‘आज कोणाचं वर्षश्राद्ध आहे?’

पहिलं पान. पांढरंशुभ्र. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. एवढ्या लोकांसमोर माइक धरून उभा राहिलेला माणूस मी, पण असा श्रोता आयुष्यात भेटला नव्हता. ना खोकणार, ना हसणार, ना उठून जाणार. बऱ्याच वेळाने मी लिहिलं, ‘सूर्य अस्ताचलाकडे झुकला होता आणि पक्षी आपापल्या घरट्यांकडे परतत होते.’ वाचलं. आवडलं. पुढचं सुचेना. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य खोडून ‘रवीची सुवर्णकिरणे’ आणली. तिसऱ्या दिवशी किरणंही गेली. आठवडाभरात डायरीत सूर्य चारदा बुडाला आणि एकही माणूस उगवला नाही.

शेवटी तोच एक परिच्छेद सजवून मी मास्टरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, वाचला, कागद उलटा करून मागेही बघितला.

‘हाई कोण बोली ऱ्हायना?’ ते म्हणाले. ‘तहसीलदार?’

बाकावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी खडूने लिहिलं, ‘मी’.

‘तू नही. तू असा बोलस का? घाट उतरतांना जशी येष्टी धरी धरी चालस, तसं शे हाई.’

मला राग आला, कारण ते खरं होतं. आम्ही घरात गुजरी बोलतो, बाजारात अहिराणी आणि शाळेत गुरुजींसमोर पुस्तकी मराठी. हातात पेन आलं की माझा हात आपोआप शाळेत जाऊन बसायचा, तेही पहिल्या बाकावर.

शहाद्याच्या सार्वजनिक वाचनालयात एक बाई होत्या. तिथल्या ग्रंथपाल. दर रविवारी त्या लिहिणाऱ्या पाच-सहा जणांना जमवायच्या. एक निवृत्त तलाठी कविता वाचायचा, एक नर्स स्वतःच्या वॉर्डातल्या गमती लिहायची. मी तिथे गेलो आणि माझ्या सुंदर आवाजात माझी अडचण मांडली. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘रोज किती वाजता बसता?’

‘जमेल तसं.’

‘मग जमणार नाही. चांगलं लिहायचं म्हणून बसू नका, नुसतं बसायचं म्हणून बसा. रोज करता अशा एखाद्या कामाला ते बांधून टाका, म्हणजे वेगळं आठवावं लागत नाही. थोडंच लिहा, वाईट लिहा. त्या दिवशी खोडायचं नाही. आणि पहिल्या वाक्याच्या मागे लागू नका. पहिलं वाक्य बहुतेक वेळा शेवटी सापडतं. जिथलं दिसतंय तिथलं लिहा.’

मी तलाठ्याकडे बघितलं. तो मान डोलावत होता, म्हणजे त्यालाही हे कधीतरी ऐकून घ्यावं लागलं होतं.

रोजचं काम म्हणून मी काय निवडावं? शेतातली मोटर. मोटर चालू केली की पाणी उसात जाईपर्यंत बसायचं, असा बेत. आठवडाभर झकास चाललं. मग शेतीच्या विजेची पाळी बदलली आणि लाइन रात्रीची आली. मोटर रात्री, म्हणून लिखाणही रात्री. मी बॅटरी लावून बसलो आणि पानावर डोकं ठेवून झोपलो. पुढच्या आठवड्यात पाळी पुन्हा दिवसाची, आणि माझी सवय मध्येच कुठेतरी बांधावर पडून राहिलेली. बाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच हसल्या. ‘तुम्ही तर सवय वीज मंडळाच्या हातात दिलीत,’ म्हणाल्या.

मग ती सवय बायकोने हातात घेतली. सकाळचा चहा एक पान लिहिल्यावरच, हा तिचा कायदा. चहाशिवाय मी माणसांत नसतो, हे तिला लग्नापासून माहीत. तिचं एक बरं होतं. तिने कधीच विचारलं नाही की काय लिहिलं. ती फक्त विचारायची, ‘झालं?’ आणि मी ‘झालं’ म्हटलं की पातेलं चुलीवर. पान कसलं होतं ते देवाला माहीत. एका सकाळी मी पानभर फक्त ‘चहा हवा’ लिहिलं. तेही तिने चालवून घेतलं. पण बसण्याची सवय लागली. गुडघे आपोआप त्या खुर्चीकडे वळायला लागले.

बसत होतो, पण गोष्ट येत नव्हती. ती आली मास्टरांच्या दुकानात, आणि अशा तऱ्हेने आली की मला आधी कळलंच नाही.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची चर्चा चालली होती. मी टेबलावर खडूने लिहिलं, ‘एक माणूस. घोडी इकी टाकी.’ घोडी विकून टाकली, एवढंच. मास्टर म्हणाले, ‘हं. मंग?’

मी लिहिलं, ‘पुढला साल परत उना. घेवाले नही, इकाले नही.’

‘मंग काबरं?’

‘दखाले.’ नुसतं बघायला.

मास्टरांनी सुई खाली ठेवली. ‘घोडीना रंग काय?’

माझ्याकडे रंग नव्हता. त्या क्षणापर्यंत घोडीही नव्हती. मी लिहिलं, ‘पांढरी. एक कान फाटेल.’

‘कितलामां इकी?’

मी लिहिलं की ते कोणालाच माहीत नाही, कारण सौदा रुमालाखाली झाला, बोटं दाबून. मास्टरांनी लांब ‘हं’ दिला. तो जुना, वजनदार ‘हं’. दोघांनी मिळून टेबल पाचदा भरलं आणि पाचदा पुसलं, आणि शेवटी मास्टर खेकसले, ‘आरे पुसू नको आते. कागदवर लिख.’

कागद म्हणजे त्यांच्याकडे एकच. कपडा कापण्याआधी ज्यावर नमुना आखतात तो खाकी कागद. कापून उरलेले तुकडे टेबलाखाली पोत्यात भरलेले असायचे. कुठे मुंढ्याचा अर्धगोल, कुठे कॉलरची लांबडी पट्टी, कुठे बाहीचं टोक. मास्टरांनी मूठभर काढून दिले. त्या वाकड्या तुकड्यांना मी मुळीच घाबरलो नाही. ते कोरे नव्हतेच. त्यांच्यावर आधीच खडूच्या रेघा होत्या, कुणाच्या तरी खांद्याचं माप होतं, आणि ते तसेही फेकायचेच होते. बिघडलं तर काय बिघडणार? रेशमी फितीची डायरी बायकोने दूधवाल्याच्या हिशेबाला घेतली.

त्यानंतरच्या सकाळी मला अजून आठवतात. पुढ्यात खाकी कागदाचा ढीग, आणि मनात पान नाही, मास्टर. मी एक वाक्य लिहायचो आणि मनातल्या मनात त्यांना बोलू द्यायचो. ते म्हणायचे, ‘मंग?’ मी पुढचं लिहायचो. ते विचारायचे, ‘त्याना पायमां काय व्हतं?’ मी चप्पल लिहायचो, तुटक्या अंगठ्याची. सूर्य कुठेच बुडाला नाही. भाषा मराठीच राहिली, पण ती आता खुर्चीवरून उतरून ओट्यावर येऊन बसली होती. लोक बोलायचे तिथे अहिराणी आपसूक यायची.

बाईंनी रविवारी अजून दोन गोष्टी सांगितल्या. एक अशी की, रोज थांबताना वाक्य अर्धं सोडायचं. पुढे काय येणार हे माहीत असतानाच उठायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हाताला काम असतं. हे तर जादूच निघालं. ‘तो दावणीच्या शेवटच्या घोड्याजवळ पोचला आणि’ असं लिहून मी चहा प्यायला उठायचो आणि दिवसभर त्या ‘आणि’ला पाय फुटत राहायचे. दुसरी अशी की, ‘गोष्ट पूर्ण लिहून होईपर्यंत कुणाला तोंडी सांगू नका. तुमच्यासारख्यांनी तर अजिबात नाही.’

‘का?’

‘एकदा लोकांची दाद मिळाली की मनाला वाटतं काम झालं. मग ते पुन्हा बसत नाही.’

मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली. हात ठेवण्याची पद्धत चांगली होती. नर्सने टाळी वाजवली.

बाजाराच्या दिवशी मी तुकडे मास्टरांकडे न्यायचो. ते वाचायचे आणि जिथे ‘हं’ म्हणायचं तिथे कडेला खडूने लिहायचे. लांब ‘हं’ला लांब रेघ. जिथे तहसीलदार शिरला तिथे नुसती फुली. अर्ध्या वाक्यावर तुकडा संपला की मला शिव्या. ‘पुढलं कोठे शे? खिसामां दडायेल शे का?’ गिऱ्हाइकाचा ब्लाउज राहायचा आणि मास्टर माझ्या घोडीचं काय झालं ते विचारत बसायचे. गोष्टीतला माणूस आता बाजारभर दावणी पालथ्या घालत होता. घोडी समोर आली तर ती ओळखेल का, या भीतीने तो प्रत्येक पांढऱ्या घोडीजवळ थोडा लांबच उभा राहत होता. शेवट मला अजून माहीत नव्हता. फार लांब नव्हता, एवढं कळत होतं.

तेवढ्यात खरा घोडेबाजार भरला.

घोड्यांच्या चालीची स्पर्धा होती आणि निवेदनाला अर्थातच मी. मास्टरांना मी मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. त्यांना घोडे बघायचे होते. म्हणाले, ‘कितलाक दिन कागदवर दखू.’ मी त्यांना मंडपात पहिल्या रांगेत बसवलं. पाहुणे यायचे होते, आणि पाहुणे म्हणजे पाहुणेच. स्पर्धा त्यांच्या हस्ते, म्हणून सगळं थांबलेलं. लोक कंटाळले, मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. संयोजक माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, ‘भाऊ, काहीतरी सांगा, सांभाळा.’

म्हैस होती. सासरा होता. त्यांच्यातलं कुणीही चाललं असतं. पण समोर मैदानभर दावणी, घोड्यांचा वास, उडणारी धूळ, आणि माझ्या तोंडात ती पांढरी घोडी चारा खात उभी. मी माइक जवळ घेतला आणि म्हणालो, ‘एक माणूस होता. त्याने घोडी विकली.’

मी पुष्कळ मैदानं गाजवली आहेत, पण त्या दुपारसारखी शांतता पुन्हा मिळाली नाही. चहावाल्याने किटली खाली ठेवली. रुमालाखालचा सौदा मी हवेत बोटं दाबून दाखवला. आणि चालता चालता, त्या गर्दीच्या श्वासावर, मला शेवट दिसला. माणूस शेवटच्या दावणीपाशी येतो. घोडी दिसते. ती ढुंकून बघत नाही. तो वळून जायला लागतो. इथे मी थांबलो. डोळे मिटले, मान खाली टाकली, हात लटकते सोडले. मंडपात पानही हललं नाही. मी ती शांतता ताणली, आणखी ताणली, आणि मग मान झटकून उंच करून खिंकाळलो. लाउडस्पीकरमधून. सगळा नदीकाठ दुमदुमला. आणि दावणीतल्या खऱ्या घोड्यांनी उत्तर दिलं. आधी एकाने, मग दहा, मग सगळीकडून.

लोक रडले, हसले, उभे राहिले. एका म्हाताऱ्याने फेटा काढून हवेत फेकला. पाहुणे त्याच वेळी आले आणि ते टाळ्या आपल्यासाठी समजून हात जोडत आत शिरले. मी आनंदाने वेडा झालो होतो. सवयीने पहिल्या रांगेत बघितलं, हुंकारासाठी. मास्टरांची खुर्ची रिकामी होती.

नंतर ते दावणीपाशी सापडले, एका घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभे. डोळे लाल. मला वाटलं धुळीने. मी खुणेने विचारलं, कसं झालं? त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘चाल घर.’ परतीच्या वाटेवर मागे बसलेला तो माणूस एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, रागावले. सगळ्या जगाला आधी सांगितलं आणि त्यांना शेवटी, म्हणून रागावले. ते वाजवी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसलो. अर्धं वाक्य तयार होतं: ‘आणि त्या दावणीच्या टोकाला त्याला’. पुढे काय येणार ते मला पक्कं माहीत होतं, काल हजार माणसांपुढे केलं होतं. लिहायला घेतलं. ‘तिने खिंकाळी दिली.’ वाचलं. मेलेलं. ‘तिची खिंकाळी आसमंतात घुमली.’ तहसीलदार परत आला. एकदा ‘हिं हिं हिं’ लिहिलं आणि स्वतःचीच शरम वाटली. मनातल्या मास्टरांना बोलावलं. ते आले नाहीत. बायकोने विचारलं, ‘झालं?’ मी म्हणालो, ‘झालं,’ आणि खोटा चहा प्यालो.

असे बरेच खोटे चहा झाले. खाकी कागदाची रास तशीच पडून राहिली. दुकानात गेलो की मास्टर ‘पुढलं कोठे शे’ विचारत नव्हते, आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून मी हळूच सुटका मानत होतो. आम्ही खडूने पावसाबद्दल, उसाच्या भावाबद्दल लिहायचो. बाईंना मी झालेलं सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘बसणं सोडू नका.’ एवढं एक मी पाळलं.

मग एक दिवस दुकानात मशीन बांधलेली दिसली. मुलाने सुरतला बोलावलं होतं, कायमचं. बाकही विकला गेला होता. मास्टर कात्र्या कापडात गुंडाळत होते. मला बघून म्हणाले, ‘भो, एक सांगू? तू घोडी मारी टाकी, ते बरं नही करं.’

मला आधी कळलंच नाही. मग टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर लिहिलं, ‘कोण म्हणे मरी?’

‘मी दखं ना. तू डोया मिटात, मान टाकी. लोके रडनात. मंग माले बसवनं नही, मी उठी गऊ.’

ते त्या शांततेत उठून गेले होते. मी जी ताणली, त्याच शांततेत. खिंकाळीच्या आधी. आणि इतके दिवस मेलेली घोडी मनात घेऊन ते माझ्याशी पावसाबद्दल बोलत होते, मला वाईट वाटू नये म्हणून काही विचारत नव्हते.

मी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मरी नही. ती खिंकाळी.’

मास्टरांनी वाचलं. ‘खिंकाळी’वर बोट ठेवलं. मग माझ्याकडे बघून हसले, अगदी हलकंसं. ‘ते माले कसं कळी?’ म्हणाले. ‘लिख मंग.’

दोन दिवसांनी ते नंदुरबारहून गाडीत बसले. खिडकीतून मला काहीतरी मोठ्याने म्हणाले, पण त्याच वेळी गाडीचा भोंगा वाजला आणि मला ऐकू आलं नाही. मी मान हलवून ‘हं’ म्हणालो.

त्यानंतर कळलं की चूक कुठे होती. सगळी गोष्ट मी न ऐकणाऱ्या माणसासाठी लिहिली होती. रुमालाखालची बोटं, फाटका कान, तुटकी चप्पल, सगळं डोळ्यांना दिसणारं. आणि गर्दी मिळताच शेवट मात्र आवाजात करून टाकला, ज्यांना कान होते त्यांच्यासाठी. तो शेवट कागदावर येणारच नव्हता. म्हणून मी तो सोडला. सकाळी बसायचो आणि नुसती घोडी बघायचो. ती काय करते? चारा खाते. मान वर करत नाही. माणूस वळून जायला लागतो. पुढचं पुष्कळ सकाळी आलं नाही. एका सकाळी बाहीच्या टोकावर आलं: ‘तिने मान वर केली नाही. चारा खाणंही थांबवलं नाही. पण तिचा फाटका कान वळला, आणि तो जिकडे जात होता तिकडे वळत राहिला.’

बायकोने विचारलं, ‘झालं?’ मी म्हणालो, ‘झालं.’ तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि चहात आलं टाकलं.

सगळे तुकडे नीट लावून फोटो काढले आणि मास्टरांच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवले. मोबाइलवर फोटो पोचल्याच्या दोन खुणा आल्या. मग कितीतरी दिवस काही नाही. मी वाचनालयातही ती गोष्ट वाचली नाही. माझी ही पहिली गोष्ट, आणि ती आधी ज्याच्या हातात जायला हवी होती त्याच्याकडून ‘हं’ यायचा होता.

आला तो असा. मुलाने शेवटचा तुकडा मोठ्या कागदावर छापून घेतला होता आणि मास्टरांनी त्यावर पेनने लिहून परत फोटो पाठवला होता. खडू तिथे नसावा. कानाच्या ओळीशेजारी ‘हं’ होता, त्याला रेघ ओढलेली, कागदाच्या कडेपर्यंत लांब. त्याखाली वाकड्या अक्षरात: ‘कान भारी शे. पण मन्हा मनमां ती मरेलच शे भो. दखं ते दखं.’

मी तो फोटो पुष्कळदा मोठा करून बघितला. रेघ खरंच लांब होती. तिच्याकडे बघून आधी हसू आलं, आणि मग खालची ओळ वाचायला लागायची. शेवट मी लिहिला होता, पण त्यांच्यापाशी आधीच दुसरा शेवट पोचलेला होता, आणि तो मीच मान टाकून दिला होता. आता वाकडे तुकडे कितीही पाठवले तरी त्या मंडपात त्यांना परत आणून खुर्चीवर बसवता येत नव्हतं.

त्यांनी दिलेल्या कागदांचं पोतं अजून माझ्याकडे आहे. सकाळी चहाच्या आधी मी त्यातला एक तुकडा काढतो. दुसरी गोष्ट चालू आहे. बाजारात लोक विचारतात, ‘काय भो, नवीन काय सांगस?’ मी म्हणतो, म्हैस सांगू का? ते ओरडतात की म्हैस नको. मग मी सासरा सांगतो.